मालकाचं ‘मी’ आणि टेबलाचं ‘मायसेल्फ’

“हा मायसेल्फ कोण आहे? मला आत्ताच्या आत्ता इथं आणून दाखवा.”

धाकटे मालक ओरडत होते. केबिनची काच बंद होती, बाहेर शेडमध्ये शंभरेक लूम धडधडत होते, तरी तो आवाज माझ्या टेबलापर्यंत आला. मला तर वाटतं, अक्कलकोट रोडवरून जाणाऱ्या ट्रकवाल्यांनीसुद्धा तो ऐकला असेल आणि आपला काही गुन्हा झाला का म्हणून ब्रेक दाबले असतील. आमचा कारखाना टॉवेलचा. टॉवेल मऊ असतात, पण ते विणणारी माणसं मऊ असतील असं कुणी समजू नये.

मी उठून आत गेले. मायसेल्फ मीच होते.

“हे बघा मॅडम.” त्यांनी स्क्रीन माझ्याकडे फिरवली. “तुम्ही लिहिलंय, ‘फॉर एनी क्वेरी प्लीज काँटॅक्ट मायसेल्फ.’ आणि खाली सही बाबांची. आता त्या नव्या पार्टीची बाई विचारतेय, तुमच्याकडं बोलायचं नक्की कुणाशी? काय सांगू मी तिला?”

“माझ्याशी बोला म्हणून सांगा की.”

“तुमचं नाव कुठाय यात?”

“नाव कशाला पाहिजे? मायसेल्फ म्हणजे मीच. जुन्या पार्ट्यांना सगळ्यांना माहिती आहे.”

धाकटे मालक सहा वर्षं पुण्यात शिकून आले होते. तिथं त्यांना काय काय शिकवलं ते मला माहीत नाही, पण डोळे मिटून दहा आकडे मोजायचं नक्की शिकवलं होतं. ते मोजू लागले. माझ्या अंदाजानं ते चारशेपर्यंत गेले असतील.

आता हे मायसेल्फ प्रकरण मुळातून सांगायला पाहिजे, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल बाईला इंग्रजी येत नव्हतं. येत होतं. माढ्याच्या शाळेत मी इंग्रजीत वर्गात पहिली होते. वर्गात आम्ही किती जण होतो ते विचारू नका.

लग्न होऊन सोलापुरात आले आणि दोन वर्षांनी या कारखान्याच्या एक्स्पोर्टच्या टेबलावर बसले. तेव्हा तिथं एक हेडक्लार्क होते. दुधनीकडचे, घरी कानडी बोलणारे. पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, एक लिहायला आणि एक कुणी मागितलं तर ‘चालत नाही’ म्हणून दाखवायला. परदेशाची सगळी पत्रं ते लिहायचे. मेल आल्यावरही ते आधी कागदावर लिहायचे, मग एका बोटानं टाइप करायचे. त्यांचं एक पत्र पूर्ण होईपर्यंत लूमवर दोनशे टॉवेल उतरायचे.

पहिल्याच आठवड्यात मी एक मेल लिहिली आणि त्यात ‘प्लीज काँटॅक्ट मी’ असं लिहिलं. त्यांनी ती वाचली, चष्मा काढला आणि खुर्ची माझ्याकडं ओढली.

“आक्का,” ते म्हणाले, “ह्या कागदाखाली सही कुणाची?”

“मालकांची.”

“मग ह्यातला ‘मी’ कोण?”

“मालक.”

“तुम्ही मालक हाय काय?”

“नाही.”

“मग तुम्ही स्वतःला ‘मी’ कशाला म्हणता? मालकाच्या कागदावर ‘मी’ एकटा मालक. आपण टेबलावरची माणसं. आपण मायसेल्फ लिवायचं. अदबीचं असतंय ते.”

हे त्यांनी इतक्या गंभीरपणे सांगितलं की मला वाटलं हा कायदा असावा, दिल्लीला छापलेला. आणि नियम अगदी पक्का होता. मालकांशी बोलायचं असेल तर ‘मी’ आणि खाली सहीत मालकांचा मोबाइल नंबर. टेबलाशी बोलायचं असेल तर ‘मायसेल्फ’ आणि त्याच ओळीत टेबलाच्या फोनचा नंबर. समोरच्या पार्टीलाही नुसतं ‘यू’ म्हणायचं नाही, ते उद्धट. ‘सॅम्पल हॅज बीन सेंट टू युअरसेल्फ.’ म्हणजे कसं, टॉवेल नुसता पाठवला नाही, तबकात ठेवून पाठवला.

मला ते पटलं. का नाही पटणार? आपल्या भाषेत आपण माणसाला ‘आपण’ म्हणतो तेव्हा काय करतो? ‘आपण बसावं, आपण चहा घ्यावा.’ तो ‘आपण’ म्हणजे स्वतःच की. मोठ्या माणसाला थेट बोट लावायचं नाही, जरा वळसा घालून जायचं. मला वाटलं, इंग्रजांनाही एवढी रीत असणारच, दीडशे वर्षं इथं राहून काहीतरी शिकून गेले असतील.

हेडक्लार्क निवृत्त झाले. जाताना त्यांनी मला न चालणारं पेन दिलं आणि मसुद्यांची फाईल दिली. मग एकोणीस वर्षं मी त्या टेबलावरून मायसेल्फ लिहीत राहिले. एकोणीस वर्षांत माझ्या मायसेल्फवर किती टॉवेल समुद्रापार गेले याचा हिशेब कुणी केला नाही, पण मी सांगते, ते एकाला एक जोडले असते तर इथून लंडनपर्यंत पायघडी झाली असती आणि परत येताना पाय पुसायलाही उरले असते. शेडपासून गोदीपर्यंत सगळं मला ठाऊक. कुठल्या पार्टीला कडक कड लागते, कुठली पार्टी पांढऱ्यात पिवळट छटा दिसली की कोर्टात जाते, कुणाच्या खोक्यावर शिक्का उजवीकडं पाहिजे. त्या लोकांनी फोन केला तर मलाच. त्यांच्यातल्या दोघींची बाळंतपणं मला फोनवर कळली. पण कुठल्याही कागदावर माझं नाव नव्हतं. मला त्याचं काही वाटलंही नव्हतं, खरं सांगते. त्या दिवसापर्यंत.

तर, धाकट्या मालकांचे आकडे मोजून झाले. त्यांनी पांढऱ्या फळ्यावर लिहून मला शिकवायला घेतलं. शिकवायचे मात्र चांगले, त्यात खोट काढणार नाही.

“मॅडम, मायसेल्फ कधी वापरायचं? जेव्हा करणारा आणि ज्याच्यावर होतंय तो, दोन्ही एकच माणूस असतो. ‘आय कट मायसेल्फ.’ मी कापलं, मलाच कापलं. किंवा जोर द्यायला, ‘आय मायसेल्फ चेक्ड इट.’ मी स्वतः बघितलं. पण ‘प्लीज काँटॅक्ट मायसेल्फ’ यात फोन करणार कोण? ती बाई. फोन येणार कुणाला? तुम्हाला. माणसं दोन. मग मायसेल्फ येणार कुठून? सरळ ‘मी’ लिहा. तसंच ‘युअरसेल्फ’ नाही, ‘यू’. त्यात उद्धट काही नाही.”

मी फळ्याकडं बघत राहिले. बरोबर होतं ते. एकोणीस वर्षं मी चूक लिहीत होते, हे मला तिथल्या तिथं कळलं. मान खाली घालायला हवी होती. पण माझ्या डोक्यात दुसरंच चक्र फिरायला लागलं.

“बरोबर आहे तुमचं,” मी म्हटलं. “इंग्रजी चुकलं. सुधारते. ‘प्लीज काँटॅक्ट मी’ लिहिते.”

“व्हेरी गुड.”

“मग खाली सही माझी घालते.”

“सही कशाला?”

“वर ‘मी’ आणि खाली मालकांचं नाव, मग ती बाई फोन कुणाला करणार?”

“सही बाबांचीच राहणार. पहिल्यापासून तसंच आहे.”

“पहिल्यापासून मायसेल्फ पण होतं की.”

हे मी मोठ्यानं बोलले असं नंतर सगळे म्हणाले. मला आठवत नाही. पण दारात डिस्पॅचचे अण्णा गाडीचे कागद घेऊन उभे होते, त्यांनी ते कागद छातीशी धरले, गोळी चुकवायला धरतात तसे.

“हे बघा साहेब,” मी म्हटलं, “मायसेल्फ चूक असेल, पण त्यात मी तरी होते. तुमच्या बरोबर इंग्रजीत मी कुठंच नाही. दोनातलं एक करा. माझं मायसेल्फ मला परत द्या, नाहीतर माझं नाव खाली घाला. खोटा ‘मी’ मी लिहिणार नाही.”

“मॅडम, ही साधी मेल आहे.”

“मग साधी गोष्ट आहे, करून टाका.”

धाकटे मालक काही वाईट माणूस नव्हते. पण त्या दिवशी नव्या पार्टीपुढं लाज गेली होती, आणि दारात अण्णा उभे होते. माणसासमोर माणूस उभा असला की मालकपण चढतं. ते म्हणाले, “तुम्हाला जमत नसेल तर टेबल सोडा. उद्यापासून पॅकिंगमध्ये बसा, लेबलचं रजिस्टर बघा. मेल मी लिहितो.”

“चालेल,” मी म्हटलं. आणि न चालणारं पेन तेवढं उचललं.

घरी जाऊन सांगितलं तर आमचे हे म्हणाले, “एका शब्दासाठी टेबल सोडलंस?” मी म्हटलं, शब्दासाठी नाही. मग कशासाठी, म्हणाले. भाकरी जरा जोरात थापल्या, एवढं आठवतं. शेजारणीनं भिंतीवर थाप मारून विचारलं, खिळा ठोकताय का.

दुसऱ्या दिवशी मी पॅकिंगला बसले. पॅकिंगचा हॉल म्हणजे ढग उडालेले. टॉवेलचा कापूस हवेत तरंगत असतो आणि संध्याकाळपर्यंत माणूस पांढऱ्या मांजरासारखा दिसतो. लेबलं मोजायची, रजिस्टरात लिहायची. पॅकिंगच्या बायका, बहुतेक तेलुगू बोलणाऱ्या, पहिला तासभर माझ्याशी बोलल्याच नाहीत. ऑफिसातली बाई हेरगिरीला आली असं त्यांना वाटलं. मग एकीनं विचारलं, “अक्का, काय केलात तुमी?”

“स्वतःला स्वतः म्हटलं.”

“एवढंच?”

“आणि नाव मागितलं.”

ती शिवणीचे धागे कापत होती, कापायची थांबली. “आमचं पण नाव न्हाय की कुटं,” ती म्हणाली. “नंबर हाय. खोक्यात चिठ्ठी जाते, पॅक्ड बाय सतरा. सतरा म्हंजे मी.” आणि परत कापायला लागली. मला ते बोलणं टॉवेलच्या कडेसारखं टोचलं. तिचा हात माझ्यापेक्षा सफाईदार होता, आणि तिच्याकडं मायसेल्फसुद्धा नव्हतं.

इकडं ऑफिसात काय झालं ते मला अण्णांकडून कळत होतं. अण्णा दर तासाला लेबलं बघायच्या निमित्तानं यायचे आणि बातमी टाकून जायचे.

धाकट्या मालकांनी पहिल्याच दिवशी सगळे मसुदे साफ केले. कॉम्प्युटरला सांगितलं, जिथं मायसेल्फ असेल तिथं ‘मी’ घाल. कॉम्प्युटरनं घातलं. मग त्यांना दिसलं, त्याच ओळीत टेबलाचा फोन नंबर आहे आणि खाली सहीत पण एक नंबर आहे. दोन नंबर कशाला? ओळीतला काढून टाकला. मेल छोटी झाली, सुटसुटीत झाली, इंग्रजी शंभर टक्के बरोबर झालं. आणि त्या दिवशी अठरा पार्ट्यांना अठरा मेली गेल्या, प्रत्येकीत ‘प्लीज काँटॅक्ट मी’, प्रत्येकीखाली मोठ्या मालकांचं नाव आणि मोठ्या मालकांचा मोबाइल.

मोठे मालक तेव्हा घरीच असायचे. वय झालेलं, डॉक्टरांनी दुपारी दोन तास झोप सांगितलेली. तिकडं इंग्लंडात सकाळी साडेनऊ-दहाला माणसं टेबलावर बसतात तेव्हा आपल्याकडं दुपारचे दोन-अडीच वाजतात. म्हणजे मालकांनी डोळा लावायचा आणि तिकडं बायकांनी फोन लावायचा, असा मुहूर्त जुळला.

पहिल्या दिवशी सात फोन आले. मोठ्या मालकांना इंग्रजीत तीन गोष्टी यायच्या. येस. व्हेरी गुड. थँक्यू. या तिन्हींच्या जोरावर त्यांनी कारखाना उभा केला होता, आणि याच तिन्हींच्या जोरावर त्यांनी त्या दुपारी तो मोडायला काढला. एका पार्टीनं विचारलं, खोक्यांवर नवा शिक्का छापणार का? येस. दुसरीनं विचारलं, माल आठवडाभर आधी देणार का? व्हेरी गुड. तिसरी जुनी पार्टी होती, माझ्याच ओळखीची. तिला निळ्या रंगाचे दोन नमुने गेले होते, ए आणि बी. त्यातला एक निवडून ती कळवणार होती आणि मग रंगाच्या खात्यात सूत जाणार होतं. तिला बी पसंत होता, पण तिनं एकदा आमचं मत विचारलं. ए चांगला की बी?

मालक म्हणाले, येस.

तिनं परत विचारलं. ए?

येस.

ऑर बी?

येस. व्हेरी गुड. थँक्यू.

तिनं मेल टाकली, की तुमच्या मालकांशी बोलणं झालं आहे, त्यांचा सल्ला घेऊन पुढं जा. धाकटे मालक ती मेल घेऊन घरी फोन करत बसले, बाबा, तुम्ही काय सांगितलंत? बाबा म्हणाले, मी हो सांगितलं. कशाला हो? सगळ्याला. रंगाच्या खात्यात तोवर सूत भिजवून तयार, आणि तिथला मास्तर विचारतोय, कुठला निळा? अण्णा म्हणाले, “अक्का, मास्तर म्हणतोय, असाच उशीर केला तर सूत लाजून आपोआप निळं होईल.”

दुसऱ्या दिवशी फोन अकरा. तिसऱ्या दिवशी मोठे मालक स्वतः कारखान्यात आले. वर्षभरात पहिल्यांदा. धोतर, टोपी, हातात मोबाइल असा धरलेला की विंचू पकडलाय. शेडमधून चालत आले तसे लूमवाले उभे राहिले. लूमपण दबकून चालायला लागले असं म्हणतात, मी पॅकिंगमध्ये होते, मला सांगोवांगी.

मला बोलावणं आलं. मी कापूस झटकला नाही. मुद्दाम.

केबिनमध्ये मोठे मालक खुर्चीत, धाकटे उभे, अण्णा दारात. अण्णा कायम दारातच असायचे, ते दार त्यांना पगारात मिळालं असावं.

“बाई,” मोठे मालक म्हणाले, “हा म्हणतोय तुम्ही मेल लिवायचं सोडलं. मला तीन दिवस झोप न्हाय. का सोडलं?”

“मालक, मला ‘मी’ लिहायला सांगितलं. लिहिते म्हटलं. पण खाली नाव तुमचं राहणार म्हणाले. आता ‘मी’ला फोन करा म्हटल्यावर लोक तुम्हालाच करणार की.”

“मग आदी काय लिवत होता?”

“मायसेल्फ.”

“ते काय असतंय?”

धाकटे मालक मध्ये बोलले, “बाबा, ते चूक इंग्रजी आहे.”

“चूक आहे,” मी म्हटलं. “साहेब बरोबर आहेत. मला आता मायसेल्फ परत नको. मला शिकवलं त्यांनी, मला कळलं. पण आता मला नाव पाहिजे. माझं नाव, पदाचं नाव, टेबलाचा नंबर. तुमचं नाव वर छापील कागदावर आहेच, ते कुणी काढत नाही. मेल मी लिहिणार, फोन मी घेणार, तर खाली मीच असणार. नाहीतर मी पॅकिंगमध्ये बरी आहे. तिथं निदान नंबर मिळतो.”

मोठ्या मालकांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

“बाईमाणसाचं नाव,” मोठे मालक हळू म्हणाले. “तिकडच्या लोकांना वाटंल, मालक बदलला.”

“वाटू द्या,” मी म्हटलं. “दुपारी फोन तरी येणार नाहीत.”

तेवढ्यात त्यांच्या हातातला मोबाइल वाजला. मी देवधर्म फार मानत नाही, पण त्या क्षणी कुणीतरी वरून बटण दाबलं यात शंका नाही. मालकांनी तो फोन बघितला, मुलाकडं बघितलं, मग माझ्याकडं. आणि फोन माझ्यापुढं धरला.

निळ्या रंगाचीच पार्टी होती. मी तिला सांगितलं, बी घ्या, ए दोन धुण्यांत फिका दिसेल, असं मास्तर म्हणतोय. ती म्हणाली, अगं तू होतीस कुठं? मी म्हटलं, पॅकिंगमध्ये. मग इंग्रजीत तिला नाव सांगितलं, एकेक अक्षर सुटं करून, आडनावासकट. तिनं लिहून घेतलं. एकोणीस वर्षांत तिनं माझं नाव कधी विचारलं नव्हतं, आणि मीही सांगितलं नव्हतं. तिच्या मुलाचं नाव मात्र मला पाठ होतं.

फोन ठेवला तेव्हा धाकटे मालक कॉम्प्युटरवर बसले होते. त्यांनी सहीची जागा रिकामी केली होती. “स्पेलिंग सांगा,” म्हणाले. मी सांगितलं. त्यांनी टाइप केलं, खाली पद, खाली टेबलाचा नंबर. वरच्या ओळीत ‘प्लीज काँटॅक्ट मी’. मी ते तीनदा वाचलं. दिसायला लहान होतं. मला वाटलं होतं, जरा मोठं दिसेल.

“आणि एक,” मी म्हटलं. “खोक्यातल्या चिठ्ठीवर सतरा नंबर जातो, तिथं पण नावं घालायची.”

“मॅडम, आज एवढंच,” धाकटे मालक म्हणाले.

“आज एवढंच,” मी म्हटलं. “उद्या परत येते.” आणि गेले की. दुसऱ्या दिवशी गेले, तिसऱ्या दिवशी गेले. ते अजून ‘बघू’ म्हणतात, आणि मी अजून जाते.

त्या दुपारी मोठ्या मालकांना गाडीपर्यंत सोडायला मीच गेले. ते सावकाश चालत होते. मनात एक गोष्ट राहिली होती, ती विचारून टाकली.

“मालक, इतकी वर्षं तुमच्या नावाखाली मी मायसेल्फ लिहीत होते. तुमचा ‘मी’ कधी वापरला नाही, अदब म्हणून. तुम्हाला कधी काही वाटलं का?”

ते गाडीत बसले, धोतर आवरून घेतलं.

“मी एकपण मेल वाचलेली न्हाय, बाई,” ते म्हणाले.